फोटोतला डीएनए धागा: पूरक क्रमापासून अमिनो आम्लांच्या साखळीपर्यंत

नाशिकमध्ये बारावीची किंवा नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत जीवशास्त्राचा प्रश्न आता बहुतेक वेळा फोटोच्या रूपानेच पोचतो. कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लासमध्ये फळ्यावर लिहिलेला, किंवा झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स काढलेल्या कागदावरचा डीएनएचा धागा कोणीतरी मोबाइलमध्ये टिपतो, आणि सिन्नरला किंवा ओझरला घरी बसलेला दुसरा विद्यार्थी तो पडद्यावर मोठा करून वहीत उतरवतो. खाली विचारलेले प्रश्न जवळपास ठरलेले असतात: प्रतिकृतीत तयार होणारा पूरक धागा लिहा, प्रतिलेखनातून मिळणारा एमआरएनए लिहा, आणि भाषांतरणानंतर बनणारी अमिनो आम्लांची साखळी लिहा.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नुकतेच अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. A समोर T आणि G समोर C येतो हे त्यांना माहीत असते, आणि या जोड्या लावताना सहसा कोणी चुकत नाही. उत्तर चुकते ते धाग्याच्या दिशेमुळे, आणि फोटोत सर्वांत आधी कापली जाते तीही दिशाच, कारण 5' आणि 3' ही चिन्हे ओळीच्या अगदी टोकांना, समासालगत असतात. म्हणून येथे एकच धागा घेऊन तो शेवटपर्यंत सोडवला आहे, आणि तोच धागा चुकीच्या वाटांनी सोडवल्यास काय हाती येते तेही दाखवले आहे.

उदाहरणातला धागा

फोटोत पुढील ओळ दिसते आणि तिच्याशेजारी ‘टेम्प्लेट स्ट्रँड’ असे लिहिलेले आहे, असे समजू.

```
5'-GCTTACCAGTCGAAAGCCATGC-3'
```

टेम्प्लेट स्ट्रँड म्हणजे साचा धागा, ज्याच्यावरून एमआरएनए तयार होतो तो. त्याच्या समोरच्या जोडीदाराला कोडिंग स्ट्रँड म्हणतात, त्याला आपण संकेत धागा म्हणू. धागा साच्याचा आहे की संकेताचा, आणि डाव्या टोकाला 5' आहे की 3', या दोन गोष्टी फोटोतून निश्चित कळल्याशिवाय पेन उचलू नये, कारण यातली एक जरी उलटी धरली तरी पुढचे सर्व उत्तर बदलते.

पहिली पायरी: फोटोवरून वहीत उतरवणे

अक्षरे उतरवताना ती पाच-पाचच्या गटांत लिहावीत. तीन-तीनचे गट आत्ताच पाडण्याचा मोह होतो, परंतु तसे केले की ते गटच कोडॉन आहेत असे नंतर वाटू लागते. कोडॉन कुठून मोजायचे हे ठरायला अजून बराच अवकाश आहे, त्यामुळे या टप्प्यावर पाचचे गट सुरक्षित ठरतात.

```
GCTTA CCAGT CGAAA GCCAT GC
```

चार पूर्ण गट आणि वर दोन अक्षरे, म्हणजे एकूण 22. आता फोटोतली अक्षरे वहीकडे न पाहता स्वतंत्रपणे मोजावीत आणि संख्या जुळते का ते पाहावे. एकच अक्षर लागोपाठ येते तिथे, म्हणजे येथे AAA पाशी, नजर हमखास एक अक्षर गाळते किंवा वाढवते, म्हणून अशी जागा बोट ठेवून पुन्हा वाचावी.

अस्पष्ट झेरॉक्समध्ये G आणि C एकमेकांसारखे दिसतात. G च्या पोटातली आडवी रेघ पुसट झाली की तो C वाटतो. ही गफलत धोक्याची आहे, कारण त्यातून निघणारी साखळी पूर्णपणे पटण्याजोगी असू शकते. उदाहरणार्थ, आपल्या धाग्यातला CGAAA मधला G हा C म्हणून वाचला, तर पुढे फिनाइलअ‍ॅलानिनच्या जागी ल्युसिन येते, बाकी साखळी जशीच्या तशी राहते, आणि उत्तर चुकल्याची कोणतीही खूण कागदावर उरत नाही. अशा वेळी अंदाज बांधू नये. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून त्या ओळीचा जवळून घेतलेला दुसरा फोटो मागवावा, आणि तो मागवताना ओळीची दोन्ही टोके चौकटीत येतील असे स्पष्ट सांगावे.

धागा लांब असल्याने दोन ओळींत छापला गेला असेल, तर पहिल्या ओळीच्या शेवटी दिशेचे चिन्ह नसते. ते दुसऱ्या ओळीच्या शेवटी असते. याउलट दोन ओळी एकाखाली एक असून दोन्हींच्या दोन्ही टोकांना चिन्हे असतील, तर ते एकाच रेणूचे दोन समोरासमोरचे धागे आहेत. हा फरक फोटो कापलेला असला की लक्षात येत नाही, आणि मग विद्यार्थी दोन धागे एकापुढे एक जोडून 44 अक्षरांचा एकच धागा सोडवत बसतो.

दुसरी पायरी: प्रतिकृतीतला पूरक धागा

प्रत्येक अक्षराच्या बरोबर खाली त्याचा जोडीदार लिहावा: A खाली T, T खाली A, G खाली C आणि C खाली G. मग खालच्या ओळीच्या टोकांना वरच्या ओळीच्या उलट चिन्हे द्यावीत.

```
5'-GCTTACCAGTCGAAAGCCATGC-3'
3'-CGAATGGTCAGCTTTCGGTACG-5'
```

डीएनएचे दोन धागे मुंबई–आग्रा महामार्गाच्या दोन बाजूंसारखे शेजारी असूनही परस्परविरुद्ध दिशेने जातात. म्हणून खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला 3' येतो. हे चिन्ह लिहिले नाही तर वाचणारा डावे टोक 5' आहे असे धरतो, कारण चिन्हे नसलेला क्रम 5' पासून 3' कडे वाचायचा अशी रूढी आहे, आणि मग अक्षरे बरोबर असूनही उत्तर चुकीचे ठरते. तोच नवा धागा रूढीप्रमाणे 5' डावीकडे ठेवून लिहायचा असेल, तर खालची ओळ उजवीकडून डावीकडे वाचून उतरवावी लागते.

```
5'-GCATGGCTTTCGACTGGTAAGC-3'
```

ही दोन्ही लेखने एकाच धाग्याची आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ओळ उलटी फिरवली की चिन्हेही सोबत फिरवायची, एवढे पाळले की झाले. अक्षरे फिरवून चिन्हे तशीच ठेवणे किंवा चिन्हे फिरवून अक्षरे तशीच ठेवणे, ही या पायरीवर होणारी खरी चूक आहे.

येथे अक्षरे मोजून एक पडताळा घेता येतो. दिलेल्या धाग्यात A सहा, T चार, G पाच आणि C सात आहेत. नव्या धाग्यात T सहा, A चार, C पाच आणि G सात असायला हवेत, आणि तसे ते आहेत. काही विद्यार्थी एकाच धाग्यात A आणि T समान नाहीत हे पाहून गोंधळतात. एर्विन चारगाफ यांचा समतेचा नियम दुहेरी रेणूला लागू होतो, एकेरी धाग्याला नाही. दोन्ही धागे एकत्र मोजले की A दहा, T दहा, G बारा आणि C बारा अशी समता दिसते. याच मोजणीतून हायड्रोजन बंधांचा उपप्रश्नही सुटतो: A–T च्या दहा जोड्यांत प्रत्येकी दोन बंध आणि G–C च्या बारा जोड्यांत प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण 56.

प्रश्नात ‘प्रतिकृतीनंतरचे दोन्ही रेणू लिहा’ असे विचारले असेल, तर एक पूरक धागा लिहून भागत नाही. मेसेलसन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये ई. कोलाय या जीवाणूवर केलेल्या प्रयोगातून दिसले, की प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. म्हणून उत्तरात दोन जोड्या काढाव्यात. एकीत दिलेला धागा जुना आणि त्याचा पूरक नवा, तर दुसरीत मूळचा जोडीदार जुना आणि त्याच्यासमोर पुन्हा दिलेल्या क्रमाचाच धागा नवा. क्रमाच्या दृष्टीने दोन्ही जोड्या अगदी सारख्या असतात, फरक फक्त जुना-नवा एवढाच, आणि तो दाखवण्यासाठी जुना धागा पेनाने व नवा पेन्सिलने लिहिला तर तपासणाऱ्यालाही सोयीचे जाते.

तिसरी पायरी: प्रतिलेखन

आरएनए पॉलिमरेज हे विकर साचा धागा 3' टोकाकडून 5' टोकाकडे वाचत जाते आणि एमआरएनए मात्र 5' पासून 3' कडे वाढत जातो. आपल्या फोटोत साच्याचे 3' टोक उजवीकडे आहे. म्हणजे वाचनाची सुरुवात उजव्या टोकापासून होते. डोक्यात उलटे वाचून थेट उत्तर लिहिण्यापेक्षा, साचा आधी एकदा संपूर्ण फिरवून लिहावा आणि त्याखाली आरएनएची अक्षरे मांडावीत. आरएनएत थायमिन नसते, त्याच्या जागी युरॅसिल असते, म्हणून साच्यातल्या A समोर येथे U येतो. साच्यातल्या T समोर मात्र नेहमीप्रमाणे A च येतो. नवशिक्यांपैकी काही जण T दिसला की U लिहितात, ती सवय येथेच मोडावी.

```
3'-CGTACCGAAAGCTGACCATTCG-5'
5'-GCAUGGCUUUCGACUGGUAAGC-3'
```

वरची ओळ म्हणजे फोटोतलाच साचा, फक्त फिरवून लिहिलेला. खालची ओळ म्हणजे एमआरएनए. आता दुसऱ्या पायरीत काढलेला नवा धागा शेजारी ठेवून पाहावा.

```
5'-GCATGGCTTTCGACTGGTAAGC-3'
```

यातल्या प्रत्येक T च्या जागी U ठेवला की अक्षरशः आपला एमआरएनए मिळतो. हा योगायोग नाही. साच्याचा पूरक धागा म्हणजेच संकेत धागा, आणि एमआरएनएसुद्धा साच्याचाच पूरक असल्याने दोघांचा क्रम एकच असतो. त्यामुळे एमआरएनए दोन वाटांनी काढता येतो: साच्यावरून जोड्या लावून, किंवा संकेत धाग्यातले T बदलून. परीक्षेत दोन्ही वाटांनी काढावा आणि एकमेकांशी ताडावा, कारण या वाटा पुरेशा वेगळ्या आहेत आणि जोडी लावण्यातली एखादी चूक दोन्हींत एकाच जागी होणे अवघड असते. दिशा मुळातच उलटी धरली असेल तर मात्र हा पडताळा ती पकडू शकत नाही.

चौथी पायरी: भाषांतरण

एमआरएनएच्या 5' टोकापासून पुढे सरकत पहिला AUG शोधावा. आपल्या एमआरएनएत पहिली दोन अक्षरे, G आणि C, सोडली की तिसऱ्या अक्षरापासून AUG लागतो. कोडॉनचे गट येथून पाडायचे, ओळीच्या पहिल्या अक्षरापासून नव्हे. पुढे तीन-तीन अक्षरे घेत थांबा-संकेत येईपर्यंत जायचे.

```
GC AUG GCU UUC GAC UGG UAA GC
```

थांबा-संकेत तीनच आहेत: UAA, UAG आणि UGA. एकूण 64 कोडॉनपैकी हे तीन वगळता उरलेले 61 कोडॉन 20 अमिनो आम्लांसाठी वाटलेले आहेत, आणि AUG हा प्रारंभाची खूणही आहे व मेथिओनिनचा संकेतही.

कोडॉनचा तक्ता प्रश्नपत्रिकेत दिलेला असेल, तर त्यात पहिले अक्षर डाव्या उभ्या पट्टीत, दुसरे वरच्या आडव्या पट्टीत आणि तिसरे उजव्या उभ्या पट्टीत शोधायचे असते. GAC साठी डावीकडच्या G ची ओळ आणि वरच्या A चा रकाना जिथे मिळतात तिथे चार कोडॉन दिसतात, त्यांतले GAU आणि GAC ॲस्पार्टिक आम्लाचे, तर GAA आणि GAG ग्लुटामिक आम्लाचे आहेत. अशा विभागलेल्या चौकटीत तिसरे अक्षर निर्णायक ठरते. GCU च्या चौकटीत मात्र तिसरे अक्षर कोणतेही असले तरी अ‍ॅलानिनच मिळते. तक्त्यात शोधायचा तो नेहमी एमआरएनएचा कोडॉन, डीएनएचा त्रिक किंवा टीआरएनएचा अँटीकोडॉन नव्हे. तक्त्यात U आहे आणि T नाही, एवढे पाहिले तरी ही चूक टळते.

आपले कोडॉन क्रमाने असे सुटतात: AUG मेथिओनिन, GCU अ‍ॅलानिन, UUC फिनाइलअ‍ॅलानिन, GAC ॲस्पार्टिक आम्ल, UGG ट्रिप्टोफॅन, आणि UAA पाशी साखळी संपते. म्हणून उत्तर असे:

मेथिओनिन – अ‍ॅलानिन – फिनाइलअ‍ॅलानिन – ॲस्पार्टिक आम्ल – ट्रिप्टोफॅन

सहा कोडॉन वाचले, तरी अमिनो आम्ले पाचच आहेत. थांबा-संकेतासाठी अमिनो आम्ल नसते, तिथे रायबोसोमपासून साखळी सुटते, म्हणून साखळीच्या शेवटी ‘थांबा’ हा जणू सहावा मणी असल्यासारखा लिहू नये. पाच अमिनो आम्लांमध्ये पेप्टाइड बंध चार असतात, हा एका गुणाचा प्रश्न अनेकदा याच्या जोडीने येतो. UAA नंतरची GC ही अक्षरे आणि AUG आधीची GC ही अक्षरे एमआरएनएत असतात, पण त्यांचे भाषांतर होत नाही. ती उत्तरातल्या एमआरएनएतून खोडू नयेत.

अँटीकोडॉन विचारले असतील, तर प्रत्येक कोडॉनचा पूरक त्रिक U वापरून लिहावा आणि दिशा सांगावी. GCU या कोडॉनसमोर 3'-CGA-5' हा अँटीकोडॉन येतो. UAA साठी अँटीकोडॉन लिहू नये, कारण त्या जागी टीआरएनए येत नाही, तिथे साखळी सोडवणारे प्रथिन काम करते.

हाच धागा चुकीच्या वाटांनी सोडवल्यास

हा धागा उदाहरणासाठी मुद्दाम असा घेतला आहे, की त्यात नजरेला फसवणाऱ्या दोन जागा आहेत. डावीकडे TTACC मध्ये TAC दिसतो, आणि TAC समोर AUG येतो हे ज्याला पाठ आहे तो ‘सुरुवात सापडली’ असे समजून तिथूनच निघतो. उजवीकडे CCATGC मध्ये ATG दिसतो, आणि ATG म्हणजे प्रारंभ हे ज्याला पाठ आहे तो तिथे थांबतो. या धाग्यापुरत्या दोन्ही खुणा फसव्या आहेत.

पहिली चूक अशी घडते: विद्यार्थी फोटोतल्या साच्याखाली डावीकडून उजवीकडे आरएनएची अक्षरे लिहितो, आणि डाव्या टोकाला 5' आहे असे धरून तक्ता उघडतो.

```
CGA AUG GUC AGC UUU CGG UAC G
```

यातून मेथिओनिन – व्हॅलिन – सेरिन – फिनाइलअ‍ॅलानिन – आर्जिनिन – टायरोसिन अशी ऐटदार साखळी मिळते. अक्षरांच्या जोड्या सर्व बरोबर आहेत, AUG सापडला आहे, तक्ताही अचूक वाचला आहे, तरीही उत्तर संपूर्ण चुकले आहे, कारण ही ओळ प्रत्यक्षात 3' पासून 5' कडे लिहिलेली आहे आणि रायबोसोम त्या दिशेने वाचत नाही. चूक ओळखण्याची खूण शेवटी आहे: थांबा-संकेत आलाच नाही आणि एक G मोकळा उरला. साखळी थांबल्याशिवाय धागा संपला, की दिशा पुन्हा तपासावी.

दुसरी चूक म्हणजे दिलेला धागाच संकेत धागा आहे असे मानून त्यातले T बदलून U लिहिणे.

```
5'-GCUUACCAGUCGAAAGCCAUGC-3'
```

येथे AUG थेट शेवटाजवळ सापडतो आणि त्याच्यापुढे एकच अक्षर उरते. एका मेथिओनिनवर संपणारी ‘साखळी’ लिहायला कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे अशी स्थिती आली की शेजारचे ‘टेम्प्लेट’ हे शब्द वाचायचे राहिले होते हे समजावे.

तिसरी चूक फोटो उतरवतानाची आहे. AAA ऐवजी AA लिहिले गेले, दिशा आणि साचा दोन्ही बरोबर धरले, तर एमआरएनए 21 अक्षरांचा होतो.

```
GC AUG GCU UCG ACU GGU AAG C
```

पहिली दोन अमिनो आम्ले, मेथिओनिन आणि अ‍ॅलानिन, बरोबर येतात. तिसऱ्यापासून मात्र सेरिन, थ्रिओनिन, ग्लायसिन, लायसिन असे सगळेच बदलते आणि UAA नाहीसा होतो. पेशीत एखादे अक्षर गळले तर होणाऱ्या फ्रेमशिफ्ट उत्परिवर्तनात जे घडते, तेच येथे वहीत घडले आहे. G आणि C च्या गफलतीत एकच अमिनो आम्ल बदलते, अक्षर गाळल्यावर मात्र तिथून पुढचे सगळे विस्कटते. त्यामुळे मित्राच्या उत्तराशी ताडताना दोन साखळ्या सुरुवातीला जुळून मध्येच कायमच्या दुरावल्या, तर त्या जागी कोणाचे तरी अक्षर गळले किंवा वाढले आहे असे समजावे, आणि एकच मणी वेगळा असून पुढे पुन्हा जुळत असेल तर एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले आहे असे समजावे.

धाग्यावर नजर टाकून दिशा ताडणे

थोडा सराव झाला की सोडवण्याआधीच सुरुवात आणि शेवट धाग्यावर ओळखता येतो. साचा 5' डावीकडे ठेवून छापलेला असेल, तर त्यात उजवीकडे CAT आणि त्याच्या डावीकडे TTA, CTA किंवा TCA यांपैकी एक दिसायला हवा, आणि त्या दोहोंच्या मधली अक्षरे तीनच्या पटीत हवीत. आपल्या धाग्यात ते असे दिसते:

```
GC TTA CCA GTC GAA AGC CAT GC
```

उजवीकडे CAT, डावीकडे TTA, मध्ये बारा अक्षरे. साचा 3' डावीकडे ठेवून छापलेला असेल, तर डावीकडे TAC आणि पुढे ATT, ATC किंवा ACT शोधावा. संकेत धागा 5' डावीकडे असेल, तर डावीकडे ATG आणि पुढे TAA, TAG किंवा TGA. फोटोत टोकांची चिन्हे कापली गेली असतील, तेव्हा या तीन शक्यतांपैकी कोणती पूर्ण जुळते ते पाहून दिशेचा तर्क करता येतो. तो तर्कच असतो. लहान धाग्यात TAC किंवा CAT आपोआपही येऊ शकतात, म्हणून नुसती सुरुवात नव्हे, तर सुरुवात, शेवट आणि मधली तीनची पट हे तिन्ही जुळल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

चिन्हे नाहीत, AUG नाही

काही प्रश्नांत चिन्हे कापली गेलेली नसतात, मुळात दिलेलीच नसतात. तेव्हा डावे टोक 5' आहे असे धरणे हे रूढीला धरून आहे, पण उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘दिलेला धागा 5' पासून 3' कडे लिहिला आहे असे गृहीत धरले आहे’ असे स्पष्ट लिहावे. धागा साच्याचा की संकेताचा हेही दिलेले नसेल, तर प्रश्नाचा शब्द पाहावा: ‘या धाग्यापासून तयार होणारा एमआरएनए’ असे म्हटले असल्यास तो साचा मानण्याचा प्रघात आहे. गृहीतक लिहिले असेल, तर तपासणाऱ्याला निदान पुढचा हिशोब त्या गृहीतकाला धरून तपासता येतो.

अनेक सराव-प्रश्नांत धागा केवळ नऊ किंवा बारा अक्षरांचा असतो आणि त्यात AUG ही नसतो, थांबा-संकेतही नसतो. तो मोठ्या जनुकाच्या मधला तुकडा मानलेला असतो. अशा ठिकाणी एमआरएनएच्या 5' टोकाच्या पहिल्या अक्षरापासूनच तीन-तीनचे गट पाडावेत, आणि अक्षरे तीनच्या पटीत असणे हीच त्याची खूण समजावी. तिथे थांबा-संकेत न मिळणे ही चूक नसते. आपल्या 22 अक्षरांच्या धाग्यात तसे करता येत नाही: तो तीनच्या पटीत बसत नाही, आणि पहिल्या अक्षरापासून गट पाडले तर GCA, UGG, CUU, UCG, ACU, GGU, AAG असे सात कोडॉन मिळून एक C उरतो, AUG फुटतो, आणि पुन्हा एकदा साखळीला थांबायला जागा मिळत नाही.